उत्तर: पाणी घातल्यावरची मोलॅरिटी

«२ M हायड्रोक्लोरिक आम्लाच्या २५ मिलीमध्ये १०० मिली पाणी घातलं. M1V1 = M2V2 वरून ०.५ M आलं. बरोबर का?»

नाही. आधी मोल मोजा: ०.०२५ लिटर × २ = ०.०५ मोल. पाणी घातल्याने आम्ल वाढत नाही, त्यामुळे शेवटीही तेवढेच निघायला हवेत. आता भांड्यात १२५ मिली आहे; ०.५ × ०.१२५ = ०.०६२५. जास्तीचं आम्ल आलं कुठून? V2 म्हणजे एकूण आकारमान, घातलेलं पाणी नव्हे. ०.०५ ÷ ०.१२५ = ०.४ M.

मात्र पडताळताना पुन्हा १००च घेतलेत तर ०.०५ जुळतं आणि चूक लपते (इथेच बरेच फसतात). म्हणून आकारमान सूत्रातून उचलू नका, भांड्यात किती आहे ते बघा. पाण्याऐवजी सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण ओतलंत तर आम्ल खर्च होतं, तिथे ही पडताळणी चालत नाही.