नवरा गेल्यावर वहिनीला "ध्येय" द्यायचं की आधी दुसरं काही?

प्रश्न (तापीकाठ): चोपडा तालुक्यातली नात्यातली वहिनी, वय ४१. पाच महिन्यांपूर्वी नवरा रस्ता अपघातात गेला. तीन एकर केळी, दोन मुलं. दिराने सगळी शेती सांभाळली आहे, तिला काही करू देत नाहीत. सगळे म्हणतात "मुलांसाठी जग". ती ऐकून घेते आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसते. तिला काहीतरी ध्येय दिलं पाहिजे ना?

अमळनेरकर: मुलांसाठी जगणं हे काय कमी ध्येय आहे? आपल्याकडे बायकांनी असेच संसार ओढलेत. वेळ जाऊ द्या, सावरेल.

बांधावरची: अमळनेरकर, अर्धं पटलं. ध्येय तिच्याकडे आहेच, ते हरवलेलं नाही. आयुष्याला अर्थ आहे असं वाटायला तीन वेगळ्या गोष्टी लागतात. जे घडतंय त्याची संगती लागणं, पुढे कुठे जायचं ते कळणं आणि आपल्या असण्याने फरक पडतो असं वाटणं. २०१६ मध्ये मार्टेला आणि स्टेगर या संशोधकांनी या तिन्हींची नीट फोड करून दाखवली. एक शाबूत असून दुसरी मोडू शकते. वहिनीची तिसरी मोडली आहे, आणि माफ करा, ती चांगल्या मनाच्या घरच्यांनीच मोडली.

नवरा असताना मजुरांची हजेरी आणि कटाईच्या दिवशी घडांचं वजन कोण लिहायचं? ती लिहीत असेल, तर ती वही आज दिराकडे आहे. ती एक दिवस उठली नाही तरी घरात काहीच अडत नाही, आणि हे तिला दिसतं. म्हणून वही परत द्या, पण मन रमवायला म्हणून नाही. खरोखर तिच्यावाचून अडेल असं एकच काम द्या. शनिवारी मजुरी तिच्या आकड्यावरच वाटायची. दिराने मागून गुपचूप आकडे तपासले तर सगळं फुकट जाईल, तिला ते लगेच कळेल. आकडा चुकला तर तिच्यासमोर बसून दुरुस्त करा. सोबत ठरल्या वेळी ठिबकचा फिल्टर धुणं, व्हॉल्व्ह फिरवणं असं रोजचं छोटं काम असू द्या. ठरलेला दिनक्रम असला की आयुष्याला अर्थ आहे असं जास्त वाटतं, हे हाइन्टझेलमन आणि किंग या मानसशास्त्रज्ञांच्या कामात दिसतं.

भुसावळवाला: रेल्वेतून निवृत्त झाल्यावर माझंही असंच झालं होतं. भजनी मंडळात गेलो, सुटलो. त्यांनाही पाठवा.

बांधावरची: दादा, निवृत्तीची तारीख वर्षानुवर्षं माहीत असते, त्यामुळे संगती शाबूत राहते. इथे सकाळी चहा पिऊन गेलेला माणूस परतच आला नाही. मंडळात तिने जावं, पण मंडळ तिच्यावाचूनही चालणारच.

शेतीकट्टा: शेतकरी अपघात योजनेत २ लाख मिळतात, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे विचारा. बाकी अर्थ-बिर्थ नंतर.

तापीकाठ: ते बघतो. पण ती रोज विचारते, "मन्हं काय चुकनं?" याला काय उत्तर देऊ?

अमळनेरकर: उत्तर द्यायलाच हवं. देवाची इच्छा म्हणा.

बांधावरची: ती स्वतः म्हणाली तर ठीक, तुम्ही तिच्या तोंडी घालू नका. १९९८ च्या एका अभ्यासात जवळचं माणूस गेलेल्यांना विचारलं होतं. ज्यांना मृत्यूची काही संगती लागली, त्यांचा त्रास पहिल्या वर्षात कमी होता. "यातून काही चांगलं शिकलो" असं वाटण्याचा उपयोग त्यानंतर, दुसऱ्या वर्षाकडे दिसला. आपण क्रम उलटा लावतो, तेराव्यालाच "देव काहीतरी चांगलंच करेल" सुरू होतं.

तिची इच्छा असेल तर सलग ३-४ दिवस, रोज १५-२० मिनिटं मनातलं लिहू द्या, मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर यांच्या पद्धतीने. शुद्धलेखन बघायचं नाही. अहिराणीत फोनवर बोलून ठेवलं तरी चालेल. पण कोणी वाचायचं किंवा ऐकायचं नाही. त्या दिवशी रडू जास्त येतं, ते अपेक्षित आहे. चौथ्या दिवशीही तेच एक वाक्य फिरत असेल, "म्हणून", "कारण", "आता कळतंय" असं काही येत नसेल, तर थांबवा. ते घोळवणं झालं. तसाही परिणाम मोठा नसतो, मी हजेरीच्या वहीवरच भर देईन.

अमळनेरकर: म्हणजे "का"चं उत्तर कधीच नको?

बांधावरची: काही जण ते शोधतच नाहीत, तरी सावरतात. काही वर्षानुवर्षं शोधतात. वहिनी कोणती, हे पाच महिन्यांत सांगता येत नाही. मात्र मरणाचं बोलली, जेवण सुटलं, तर वाट पाहू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा.

तापीकाठ: वही दिराकडेच आहे. तो म्हणतो, "वहिनीला त्रास कशाला?" आता त्याला कसं समजवायचं, हाच प्रश्न उरला.