पाटील, साडेचौदा दशकं आणि आठ गुण

खडूफळा: सराव प्रश्नपत्रिकेत हल्ली ‘बदल आणि सातत्य’ असले आठ-आठ गुणांचे प्रश्न घालायची टूम निघालीय. १८१८ ला पेशवाई संपली, इंग्रज आले, सगळं बदललं. सन विचारा, कारणं विचारा, मोकळे व्हा. दोनशे पेपर तपासायला कोण येणार?

रुमालवाला: ‘सगळं बदललं’ हेच मुलं लिहितात आणि आपण गुण देतो, दुखणं तिथेच आहे सर. पेशवा गेला, पाटील चावडीवरच होता. एल्फिन्स्टननं जुनी घडी मुद्दाम हलवली नाही. घडी विस्कटली ती रयतवारीनं. आधी पाटील अख्ख्या गावाच्या साऱ्यासाठी घासाघीस करायचा. नंतर सरकारचा हिशेब थेट एकेका खातेदाराशी. १८३६ च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड-विंगेटनी मोजणी करून तीस वर्षांचा सारा ठरवून टाकला, मग घासाघीस करायची कशाची? नाव तेच, वतनाची जमीन तीच, आतला अधिकार पोकळ.

मीही आधी ‘पेशवाईतला आणि ब्रिटिश काळातला पाटील यांची तुलना करा’ असं विचारायचो. मुलं वहीत रेघ मारून दोन रकाने भरायची. दोन फोटो शेजारी ठेवले, इतकंच. आता असं विचारतो: ‘१८१८ ते १९६३ या काळात गावच्या पाटलाचं काय टिकलं, काय बदललं? सर्वांत मोठा बदल कधी झाला असं तुम्हाला वाटतं, कारण द्या.’ एकच माणूस, दोन ठाम टोकं. आणि माझी कसोटी अशी की पुस्तकातली मधली पानं फाडली तरी उत्तर लिहिता येत असेल, तर प्रश्न फसला.

सातबारा: पाटील, पाटील, पाटील! वतन फक्त पाटलालाच होतं का? महार वतनाचं काय? बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात विधेयक आणलं, वतनं गेली १९५८ च्या कायद्यानं. आमच्या उताऱ्यावर आजही भोगवटादार वर्ग २ आहे. बहिणीच्या लग्नाला अर्धा एकर विकायचा होता, परवानगीसाठी वडिलांनी दोन वर्षं हेलपाटे मारले. सातत्य शिकवायचंय ना? तो उतारा छापा प्रश्नपत्रिकेत.

वाड्यावरचा: आला जातीवर. माझ्या पणजोबांची पाटीलकी गेली, मानपान गेला, तेव्हा कुणी नाही रडलं.

सातबारा: मानपान गेला म्हणता? तुमच्याकडे जमीन राहिली. आमच्याकडे राबण्याची सक्ती होती, मोबदल्यात तुकडा. पोळ्याला पहिला बैल कुणाचा निघतो हो तुमच्या गावात?

वाड्यावरचा: …आमचाच. पण पाटील म्हणून नाही, घर जुनं म्हणून.

सातबारा: वा! हेच उत्तरपत्रिकेत लिहा, दोन गुण माझ्याकडून.

इंद्रायणीकाठ: मूळ मुद्दा बाजूला पडला. शिवाय कुलकर्णी विसरलात. इंग्रज येताच कुलकर्णी गेला आणि तलाठी आला, हा तर सरळ १८१८ चाच बदल. म्हणजे खडूफळा सर अगदीच चूक नाहीत.

रुमालवाला: अर्धं बरोबर. तलाठी आला, पण १८१८ ला एका फटक्यात नाही. कुलकर्णी वतनं कायद्यानं गेली १९५० च्या. त्याआधी कुठे तलाठी, कुठे कुलकर्णी, अशी वर्षं गेली. ‘केव्हा बदललं’ याला एक सन नसतो, हे मुलाला याच जागी कळतं. सातबाराभाऊंचं मात्र मला पटलं. पाटील निवडला की उत्तर वाड्यावरूनच येतं. पुढच्या वेळी ‘पाटील किंवा महार वतनदार, एकाविषयी लिहा’ असं करीन. दोन्हींच्या उत्तरांना एकाच मापानं गुण कसे द्यायचे, हे मात्र मला अजून सुटलेलं नाही.

खडूफळा: बघा, तुम्हालाच सुटत नाही! आमच्याकडे मॉडरेटरनं ‘१८३६’ दिसलं नाही म्हणून एका मुलीचे तीन गुण कापले. तिनं लिहिलं होतं, ‘पाटलाला विचारायची गरजच उरली नाही.’

रुमालवाला: ते वाक्य मला मिळालं असतं तर तीन गुण मी वाढवले असते. टिकलं त्याला पुराव्यासह दोन, बदललं त्याला दोन, आणि ‘कधी, का’ याला चार. नुसत्या सनाला शून्य.

खडूफळा: सनाला शून्य! इतिहासाच्या पेपरात! बरं, चार गुणांचा घालून बघतो एक. आठचा नाही. आणि पहिला गठ्ठा तपासायला तुमच्याकडे पाठवतो.

नवभरती२४: सर, पोलीस पाटील भरतीला हे येतं का? आमच्या गावची जागा निघालीय.

रुमालवाला: १ जानेवारी १९६३ ला मुलकी पाटीलकी गेली. पोलीस पाटील १९६७ च्या कायद्याचा, आणि ते पद वंशपरंपरेनं मिळत नाही.

सातबारा: कागदावर. मागच्या वेळी कुणाच्या घरात गेलं ते सांग रे नवभरती.

नवभरती२४: वाड्यावरच.