मदत हवी आहे: जिनिंगच्या गेटवर सिक्युरिटीची मुलाखत, घटना लिहायला लावतात म्हणे

कास्तकार_पोरगा: परवा मुलाखत आहे. गेटवर कोणी वाद घातला तर काय कराल असं विचारतात आणि लगेच कागदावर रिपोर्ट लिहून मागतात म्हणे. काय बोलू, काय लिहू? लवकर सांगा भाऊ.

काटेवाला: भरती एजन्सीची की थेट जिनिंगची? दिवसपाळी की रात्रपाळी? वजनकाटा गेटच्या आत आहे की बाहेर? हे सांगितल्याशिवाय काय सांगावं?

मैदान_रोज: 1600 मीटर आणि गोळाफेक दोन्ही पक्कं कर. छाती फुगवून मोजायला लावतात.

कास्तकार_पोरगा: पोलीस भरती नाही हो दादा! हिंगणघाटकडची जिनिंग आहे, एजन्सीमार्फत. रात्रपाळी, मुख्य गेट. काटा आत.

वऱ्हाडी_वाघ: सरळ सांगायचं, वही भरल्याशिवाय मालकाचा बाप आला तरी आत नाही. जास्त बोलला तर केबिनमध्ये बसवून ठेवायचा. कडक माणूसच पाहिजे असतो त्यांना.

सुपरवायझर_काका: वाघभाऊ, पहिलं बरोबर आहे, दुसरं बोलला की पोरगं नापास. खाजगी माणसाला कोणाला धरायचं तर त्याच्या डोळ्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडलेला लागतो, किंवा तो माणूस फरारी गुन्हेगार म्हणून जाहीर झालेला लागतो. धरल्यावरही 6 तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 40 पाहा. वहीत नाव लिहायला नकार देणं हा तसा गुन्हा नाही. त्याला कोंडलं तर उलट गार्डवरच केस होते.

पोरा, बहुतेक असा प्रसंग देतील: रात्री 01:40 ला जीप आली, आतला म्हणतो, "मी शेठचा साळा आहे, गेट उघड." मोठं गेट बंदच ठेवायचं आणि बोलणं छोट्या दारातून करायचं. गाडीच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं. टॉर्च तोंडावर मारू नको, तिथूनच भांडण सुरू होतं. "नमस्कार साहेब, नाव आणि काम सांगा, आत विचारून लगेच कळवतो," एवढंच. तो आवाज चढवेल, तू चढवायचा नाही. वाक्य तेच ठेवायचं.

खरी मेख पुढं आहे. तो स्वतःचा मोबाइल पुढं करतो, "घे, शेठशी बोल." तो फोन घ्यायचा नाही, कारण पलीकडं कोण बोलतंय हे तुला कळत नाही. केबिनमधल्या यादीतल्या नंबरवर आपणच लावायचा. मुलाखत घेणारा नेमकं हेच पाहतो.

वऱ्हाडी_वाघ: अन् यादीतल्या कोणीच उचलला नाही तर? सीझनमध्ये शेठचा खरा साळा रात्रभर बाहेर उभा ठेवता का? सकाळी नोकरी जाते काका.

काटेवाला: हे मात्र खरं आहे. माझ्या मते शिफ्टच्या फिटरला गेटवर बोलवावं, तो ओळखत असेल तर सोडावं.

सुपरवायझर_काका: फिटरला तो अधिकार नाही. पण प्रत्येक ठिकाणचा हुकूम वेगळा असतो, म्हणून मुलाखतीत "गेटच्या लेखी सूचनेप्रमाणे करीन" असं म्हण.

आता रिपोर्ट. पाहिलेलं, ऐकलेलं आणि केलेलं वेगळं ठेव. असा:

"01:40 वाजता मुख्य गेटवर पांढरी जीप आली. चालकासह तीन माणसं. पुढच्या माणसाने स्वतः शेठचा नातेवाईक असल्याचे सांगितले. वहीत नोंद करण्यास नकार दिला. 01:44 ला सुपरवायझरला फोन केला, त्यांनी थांबवण्यास सांगितले. 01:52 ला गाडी परत गेली. सकाळपाळीच्या गार्डला तोंडी व लेखी कळवले."

खाली गाडीचा नंबर, आपलं नाव आणि सही. "दारू पिऊन होता" लिहू नको. "तोंडाला दारूचा वास आला, बोलताना अडखळत होता" हे लिही. पहिला तुझा निकाल आहे, दुसरं तू पाहिलेलं.

कापसाच्या गंजीतून धूर निघाला असं विचारलं तरी हाच नियम. पाणी मारल्यावर "आग विझली" लिहायचं नाही. कापूस आतून धुमसत राहतो, वरून थंड दिसतो आणि तासाभरानं पुन्हा पेटतो. "ज्वाळा दिसत नाहीत, माणूस उभा केला आहे, पाहणी सुरू" असं लिही.

नर्सताई_यवतमाळ: आमच्या दवाखान्यात भेटीची वेळ संपली तरी नातेवाईक हलत नाहीत, गार्डचं कोणी ऐकत नाही. त्याला काय करावं?

वऱ्हाडी_वाघ: ताई, एका पेशंटमागं एकच पास ठेवा. बाकी सगळे बाहेर.

कास्तकार_पोरगा: काका, लिहिताना वेळ चुकली तर? खोडू का?

सुपरवायझर_काका: एकच आडवी रेघ, जुना आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर वेळ आणि छोटी सही. व्हाइटनर नाही, पान फाडणं तर अजिबात नाही.

काटेवाला: काका, पण मुलाखतीत आखीव वही देतात की कोरा कागद? कोऱ्यावर पोट्टे तारीखच विसरतात.