प्रतिसाद: मकरेचा गुरू आणि महादशा

>> कर्क लग्न, सप्तमात मकरेचा गुरू, 16 वर्षांची महादशा लागतेय. कोल्हापुरात गुजरीत भागीदारीत दुकान आहे. गुरू नीच म्हणजे सगळं वाईटच का?

दादा, नुसत्या राशीवर जाऊ नका. तुमच्या लग्नाला गुरू भाग्येश आहे, पण षष्ठेशही आहे. त्यामुळे सप्तमात तो भागीदारीत देणी-वाद आणू शकतो. मात्र तिथून त्याची दृष्टी लग्नावर, म्हणजे स्वतःच्याच उच्च राशीवर पडते. हे बरेच जण बघतच नाहीत. आता मकरेचा स्वामी शनी कुठे आहे ते सांगा. तो चतुर्थात तुळेचा असेल तर नीचभंग धरतात. लग्न आणि चंद्र दोघांपासून केंद्राबाहेर असेल, तर मोठा आधार जातो. सुरुवातीला गुरूचीच अंतर्दशा, 2 वर्षं 1 महिना 18 दिवस. तेवढ्यात भागीदाराच्या तोंडी शब्दावर कर्ज उचलू नका.