प्रतिसाद: सगळं बरोबर, मग ६ च का?

«मुलीला 'औदुंबर'च्या रसग्रहणात १० पैकी ६. चूक एकही दाखवलेली नाही, मग गुण कापले कशाचे?»

मीही मराठीच शिकवते. मी वहीत साधारण असा शेरा लिहिला असता:

"बाळ, आठ ओळींचा अर्थ तू नीट सांगितलास, त्याचे ६. पण बालकवींनी ते तसंच का लिहिलं, हे राहिलं. 'पाय टाकुनी जळांत बसला' इथे चेतनगुणोक्ती आहे, असं म्हणून तू पुढे गेलीस. अगं, झाड माणसासारखं बसलंय म्हणजे कसं? दमून, की एकटं, विचारात? ते लिही. आणि रंग बघ. आधी हिरवाळी, निळासांवळा झरा, मग पांढरी पायवाट, आणि ती जाते कुठे? काळ्या डोहाकडे. त्या काळिम्याला कवी 'गोड' म्हणतो. या एका शब्दावर तीन वाक्यं लिहिलीस तर ८ देईन."

'सुंदर निसर्गवर्णन' हे वाक्य तिच्या वहीत किती वेळा आलंय ते मोजा. ते कुठल्याही निसर्गकवितेला चिकटवता येतं, म्हणून आम्ही त्याला गुण देत नाही. (घाईत नुसता आकडा टाकणारे आमच्यातही आहेत, हे कबूल.)