मदत हवी आहे: एआय असिस्टंटच्या मेमरीत जुनं आणि नवं दोन्ही बसलंय, कृतीत खिचडी होतेय

केकवाली_पुणे
मंडळी, जरा डोकं चालवा माझ्यासाठी. मी बरीच वर्षं न्यू जर्सीला होते आणि तेव्हापासून एक चॅटवाला एआय असिस्टंट वापरते, नाव घेत नाही. तिथला ओव्हन फॅरनहाइटचा म्हणून तेव्हा त्याला सांगून ठेवलेलं की माप कपात दे आणि तापमान फॅरनहाइटमध्ये. आता पुण्यात आलेय, घरून केकच्या ऑर्डरी घेते, ओटीजी सेल्सिअसचा आणि सगळं वजनकाट्यावर. तर त्याला नीट सांगितलं की यापुढे ग्रॅम आणि सेल्सिअस, आणि मेमरी अपडेट झाल्याची पाटीसुद्धा आली स्क्रीनवर.

तरी काल केळ्याच्या ब्रेडची कृती मागितली तर आलं काय, मैदा 180 ग्रॅम, साखर पाऊण कप, बटर एक स्टिक आणि ओव्हन 350 डिग्री सेल्सिअसवर प्रीहीट करा!! माझ्या ओटीजीचा खटकाच 250 ला संपतो म्हणून लगेच कळलं. 350 फॅरनहाइट म्हणजे साधारण 175 सेल्सिअस, म्हणजे आकडा जुना आणि एकक नवं. चॅटमध्ये ओरडलं की तेवढ्यापुरतं सुधारतं, नवीन चॅट उघडला की परत तेच. हे कायमचं कसं घालवायचं?

भट्टी_दादा
ताई, कुठल्याच ओटीजीच्या खटक्यावर विश्वास ठेवू नका. आतमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो तो घ्या, माझ्या ओटीजीत 180 लावलं की आत 160 च असतं.

केकवाली_पुणे
दादा, थर्मामीटर आहे हो. ओव्हन बरोबर आहे, कृतीच चुकीची येतेय.

निवांत_नाशिककर
जुने चॅट उडवा सगळे. त्यातूनच उचलतो तो. मी तसंच केलं होतं.

रात्रपाळी
निवांतराव, अर्धं बरोबर. बऱ्याच असिस्टंटमध्ये मेमरी दोन जागी असते. एक म्हणजे सेटिंगमध्ये दिसणाऱ्या साठवलेल्या नोंदी, एकेक ओळ. दुसरं म्हणजे जुन्या चॅटमधून तो स्वतः संदर्भ काढतो ते. चॅट उडवला म्हणून साठवलेली नोंद जात नाही, आणि नोंद उडवली म्हणून चॅट जात नाही. शिवाय स्वतःबद्दल सूचना लिहायचा वेगळा चौकोन असतो, तिथे काय लिहिलंय ते लोक साफ विसरतात.

आणि मिसळ का होते ते सांगतो. या नोंदी प्रत्येक नव्या चॅटच्या आधी गुपचूप त्याच्यापुढे ठेवल्या जातात. 'कप आणि फॅरनहाइट' ही ओळ पण तिथे, 'ग्रॅम आणि सेल्सिअस' ही पण. नवी ओळ आली म्हणून जुनी आपोआप खोडली जाईलच असं नाही. मग तो दोन्ही पाळायला बघतो आणि तुमचा 350 सेल्सिअस तयार होतो. ताई, सेटिंगमधून नोंदींची यादी इथे टाका बघू. त्याला चॅटमध्ये विचारून नको, तिथे तो अर्धवट सांगतो, यादीच उघडा.

केकवाली_पुणे
उघडली. बाई गं. इंग्रजीत आहे, मी मराठीत करून कामाच्या तेवढ्या टाकते:

```
1. कृती कप आणि फॅरनहाइटमध्ये हव्यात
2. केक सहसा 350 वर भाजते
3. बटर स्टिकमध्ये मोजते
4. न्यू जर्सीत राहते
5. बेकिंगमध्ये अंडी वापरते
6. ग्रॅम आणि सेल्सिअस हवं
7. आता फॅरनहाइट नको आहे
8. एगलेस केक बनवते
```

रात्रपाळी
बघा, खरा चोर 2 नंबर आहे. त्यात एककच नाहीये. 1 नंबर सगळ्यांच्या डोळ्यात येतो, तो उडवून लोक निर्धास्त होतात आणि हा 350 तसाच राहतो, मग शेजारी सेल्सिअस दिसलं की तो 350 ला चिकटतं. 3 आणि 4 पण त्याच गावचे. न्यू जर्सी म्हटलं की अमेरिकन मापं आलीच. स्टिक म्हणजे 113 ग्रॅम, ती इथे कोण वापरतं.

7 नंबर तुम्ही ओरडलात त्याचा आहे. 'विसर' म्हटलं की कधीकधी तो जुनं खोडायच्या ऐवजी आणखी एक ओळ वाढवतो. तीही काढा. काय नको यापेक्षा काय हवं ते लिहिलेलं बरं, माझा तरी तसा अनुभव.

म्हणजे 1, 2, 3, 4 आणि 7 सरळ उडवा. 5 आणि 8 चं काय? अंडी सोडलीत का?

केकवाली_पुणे
नाही ना, तीच गंमत आहे. घरच्यासाठी अंडं घालते, ऑर्डरी मात्र सगळ्या एगलेस, दोन्ही खरं आहे. मागे एकदा ऑर्डरच्या केकच्या कृतीत दही पण आलं आणि दोन अंडी पण.

रात्रपाळी
मग तिथे जुनं-नवं असा प्रश्नच नाही, कुठे काय हे लिहिलं नाही म्हणून गोंधळ. दोन्ही काढून एकच ओळ करा, अट त्याच ओळीत. एकूण असं काहीतरी:

```
पुण्यात राहते. सर्व कृती ग्रॅम, मिली आणि सेल्सिअसमध्ये.
ओटीजी कमाल 250 सेल्सिअस. केक सहसा 175 वर.
ऑर्डरचे केक एगलेस. घरच्या केकमध्ये अंडं चालतं.
कुठला ते सांगितलं नसेल तर एगलेस धरावं.
```

शेवटची ओळ गाळू नका, नाहीतर तो अंदाज मारेल.

दहावीची_आई
आमच्याकडे एकच अकाउंट मी आणि मुलगा वापरतो. मी ऑफिसचा मेल लिहून मागितला तर तो पायरी-पायरीने समजावत बसतो, दहावीच्या मुलाला समजावल्यासारखा. हे पण असंच का?

रात्रपाळी
हो, कोण टाइप करतंय ते त्याला कळत नाही, दोघांच्या आवडी एकाच माणसाच्या म्हणून साठतात. तिथे नोंदी दुरुस्त करून भागणार नाही, आठवड्यात परत गोळा होतील. मुलाचं अकाउंट वेगळं करा, वयाची अट तेवढी बघून.

केकवाली_पुणे
झालं सगळं. त्या सूचनांच्या चौकोनात पण एक जुनी ओळ सापडली, यूएस मापं म्हणून. पण त्याच चॅटमध्ये विचारलं तर अजून कप देतोय??

रात्रपाळी
त्याच चॅटमध्ये वर सगळं कपातलं बोलणं पडलंय ना, तो ते वाचतोच. नवीन चॅट उघडा आणि एककाचा उल्लेख न करता नुसती कृती मागा. 'ग्रॅममध्ये दे' म्हणालात तर परीक्षा कसली, उत्तर तुम्हीच दिलं. मग तोच प्रश्न मेमरी न वापरणाऱ्या तात्पुरत्या चॅटमध्ये विचारा, मात्र सूचनांचा चौकोन तिथे लागू होतो का ते आधी बघा, काहींमध्ये होतो. तिथेही कप आले तर दोष मेमरीचा नाही, इंग्रजी कृतींच्या ढिगाऱ्यातली त्याची मूळ सवय आहे ती.

केकवाली_पुणे
नवीन चॅटमध्ये ग्रॅम, 175 सेल्सिअस, बिनअंड्याचं, बटर 115 ग्रॅम. एकदम बरोबर! तात्पुरत्यात कप आणि फॅरनहाइट आलं, म्हणजे सवय पण आहेच. पण एक, लगेच दुसरी कृती मागितली नानकटाईची, त्यात सगळं ठीक आणि मध्येच 'तुमच्या थँक्सगिव्हिंगच्या पायसारखं' असं आलं. यादीत तर तसं काहीच नाही.

निवांत_नाशिककर
बघा, मी म्हणत होतो. जुने चॅट.

रात्रपाळी
हे मात्र तुमचं बरोबर, निवांतराव. ते जुन्या चॅटमधूनच येतंय आणि त्याची यादी ओळीओळीने खोडता येते की नाही हे प्रत्येक असिस्टंटमध्ये वेगळं. तुमच्याकडे नसेल तर दोनच वाटा, तो चॅट उडवायचा किंवा जुन्या चॅटचा संदर्भ घेणं सेटिंगमधून बंद करायचं. उडवल्यावर लगेच फरक दिसेलच असं नाही.

केकवाली_पुणे
त्या चॅटमध्ये सासूबाईंच्या कृती लिहून ठेवल्यात, उडवणार नाही. आधी त्या वहीत उतरवून घेते, तोवर संदर्भ बंद. पण बंद केलं तर माझ्या ऑर्डरींचं मागचं बोलणं पण त्याला दिसणार नाही ना? फक्त एकाच चॅटला वगळायची सोय कोणाला सापडली असेल तर सांगा.