प्रतिसाद: फिल्टर कॉफीची ओताओत

>> ही ओताओत फक्त कॉफी निववायलाच ना?

निवते हे खरंच, पण तेवढ्यासाठी डबऱ्यात, म्हणजे टंबलरखालच्या पसरट वाटीत, ओतून ठेवली तरी भागतं. त्याचं तोंड रुंद, वाफ पटकन जाते. खरं काम ढवळण्याचं आहे. टंबलरच्या, म्हणजे उभट पेल्याच्या, तळाशी साखर, त्यावर फिल्टरमधून थेंबथेंब उतरलेलं घट्ट डिकॉक्शन आणि वरून उकळतं दूध, असा क्रम असतो. चमचा न लावता हे सगळं टंबलरमधून डबऱ्यात आणि परत टंबलरमध्ये ओतण्याच्या जोरावरच एकजीव होतं.

दुसरं म्हणजे फेस. हातभर उंचीवरून बारीक धार पडली की ती हवा आत ओढून नेते आणि दुधातली प्रथिनं त्या बुडबुड्यांभोवती पापुद्रा धरतात. दुधात पाणी असेल तर लगेच कळतं: बुडबुडे मोठे येतात आणि बघता बघता फुटतात. चांगल्या दुधाचा फेस बारीक, दाट असतो आणि पिताना ओठाला लागतो. तीन-चार वेळा ओतलं की पुरे, त्यापुढे फेस फारसा वाढत नाही, कॉफी मात्र कोमट होते. आणि टंबलरची कड बाहेर वळलेली असते ती धरायला. उकळत्या दुधाने भांडं तापलं तरी तिथे बोटांना चटका कमी बसतो.